पासबुकात अडीच हजार, तरी दीड लाखाची उचल: महिला बचत गटाचे खाते ते पहिले बँक कर्ज

मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या पलीकडे असलेल्या एका गावातील अकरा बायकांचा बचत गट जुलै महिन्यात कर्ज मागण्यासाठी बँकेत गेला, तेव्हा काउंटरवरील कर्मचाऱ्याने पासबुक उघडून शेवटची शिल्लक पाहिली. ती २,४५० रुपये होती. त्याने कॅल्क्युलेटरवर सहाने गुणून सांगितले, ‘‘ताई, सहापट म्हणजे चौदा हजार सातशे होतात. एवढ्यासाठी कशाला कागद रंगवता? आधी खात्यात पैसे जमवा.’’ बायका मुकाट्याने परत आल्या आणि त्या सोमवारच्या सभेत, यापुढे कोणालाही अंतर्गत कर्ज द्यायचे नाही, सगळी बचत बँकेतच ठेवायची, असा ठराव त्यांनी जवळजवळ करूनच टाकला होता.

तो ठराव झाला असता तर गटाचे मोठे नुकसान झाले असते. बचतीशी निगडित कर्जात बँकेने पासबुकातील शिल्लक मोजायची नसते, गटाचा एकूण निधी मोजायचा असतो. आणि सभासदांना वाटलेला पैसा हाही त्या निधीचाच भाग असतो. गेली काही वर्षे मी पुणे जिल्ह्यातील गटांच्या वह्या तपासण्याचे काम करते. माझ्या पाहण्यात कर्ज अडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हा एक गैरसमज आहे, आणि तो बायकांइतकाच बँकेच्या काउंटरवरही आढळतो. म्हणून गट स्थापन झाल्यापासून पहिली उचल हातात येईपर्यंतचा मार्ग याच गटाचे उदाहरण घेऊन येथे मांडते. हा गट राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे आपल्या राज्यात ज्याला ‘उमेद’ म्हणतात त्यात, नोंदलेला आहे, आणि पुढील नियम अशा ग्रामीण महिला गटांचे आहेत.

खाते उघडण्यापूर्वीच्या दोन सभा

गटात साधारणपणे दहा ते वीस महिला असाव्या लागतात; दुर्गम भागात किंवा अपंग महिलांच्या गटात पाच जणीही चालतात. वीसपर्यंतच्या गटाला वेगळी नोंदणी करावी लागत नाही. एका महिलेने एकाच गटात राहावे. हे सांगायला सोपे आहे, पण माहेरच्या गावातील जुन्या गटात नाव तसेच राहिलेल्या सुना जवळजवळ प्रत्येक गटात निघतात आणि कर्जाच्या वेळी आधार क्रमांक टाकताच ते दिसून येते. म्हणून पहिल्याच सभेत प्रत्येकीला स्पष्ट विचारावे आणि जुन्या गटाचा हिशोब पूर्ण करून राजीनामा घेऊन यायला सांगावे.

पहिल्या सभेत गटाचे नाव, सभेचा वार आणि वेळ, बचतीची रक्कम, अंतर्गत कर्जाचा व्याजदर आणि दंड ठरवावा. आपल्या उदाहरणातील गटाने जानेवारीच्या पहिल्या सोमवारपासून दर आठवड्याला प्रत्येकी ५० रुपये बचत, अंतर्गत कर्जावर महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज आणि न सांगता गैरहजर राहिल्यास ५ रुपये दंड असे ठरवले. दुसऱ्या सभेत अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष निवडून खाते उघडण्याचा ठराव केला. या ठरावात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत खाते उघडायचे, ते कोणाच्या नावे, व्यवहार कोणी करायचे आणि किती सह्यांनी. सह्यांबाबत तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सह्या पुरेत असे लिहावे. तिन्ही सह्या बंधनकारक केल्या की एक जण बाळंतपणाला माहेरी गेली तरी खाते ठप्प होते, आणि एकाच सहीवर चालवणे कोणत्याही गटाच्या हिताचे नाही.

शाखा निवडताना गावातल्या दोघी-तिघींची वैयक्तिक खाती तिथे आहेत एवढाच विचार करू नये. त्या शाखेने आधी गटांना कर्ज दिले आहे का, हे गावातील गटांच्या संघात, म्हणजे ग्रामसंघात, किंवा बँकेच्या कामात गटांना मदत करणाऱ्या बँक सखीकडे विचारावे. बचत खाते एका बँकेत आणि कर्ज दुसरीकडे असा प्रकार सहसा जमत नाही, कारण कर्ज देणारी शाखा आपल्याच खात्यातील उलाढाल पाहते.

खाते उघडताना

शाखेत न्यायचे कागद मोजके असतात. ठरावाची सर्व सभासदांच्या सह्यांची प्रत, गटाची नियमावली, सभासदांची यादी, तिन्ही पदाधिकाऱ्यांचे फोटो व ओळखीचे कागद, गटाचा शिक्का आणि बँकेचा भरलेला अर्ज. उमेदच्या कर्मचाऱ्याचे किंवा ग्रामसंघाचे ओळखपत्र सोबत असेल तर बोलणे लवकर संपते.

येथे दोन नियम तोंडपाठ असावेत. पहिला, गटाचे बचत खाते उघडताना केवायसी फक्त पदाधिकाऱ्यांची लागते, सर्व सभासदांची नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम स्पष्ट आहे. सर्व सभासदांची तपासणी कर्ज देताना केली जाते. दुसरा, गटाचे पॅन कार्ड नाही म्हणून खाते नाकारता येत नाही. त्याऐवजी फॉर्म ६० मधील घोषणापत्र चालते. ‘आधी पॅन काढा’ असे सांगून परत पाठवलेले गट मी पाहिले आहेत, आणि पॅनच्या फेऱ्यात त्यांचे दोन-दोन महिने गेले आहेत.

खरी अडचण नावाची असते. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलण्याची रीत असल्यामुळे एकाच बाईच्या आधारवर सासरचे नाव, मतदार ओळखपत्रावर माहेरचे, आणि रेशन कार्डावर तिसरेच काहीतरी असते. रेशन कार्ड हा केवायसीसाठी अधिकृत मानलेला ओळखपुरावा नाही, त्यामुळे त्यावरचे नाव बरोबर असून उपयोग होत नाही. आपल्या उदाहरणातील कोषाध्यक्षांच्या आधारवर मधले नाव वडिलांचे होते आणि ठरावात पतीचे. शाखेने अर्ज परत केला, आधार दुरुस्तीला तीन आठवडे गेले आणि जानेवारीत सुरू झालेल्या गटाचे खाते फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उघडले. यावर सोपा उपाय असा, की ठराव लिहिण्यापूर्वीच तिघींची आधार कार्डे समोर ठेवावीत आणि नावे अक्षरशः त्याप्रमाणेच लिहावीत. बाकीच्या सभासदांचीही यादी त्याच दिवशी तपासून घ्यावी, कारण कर्जाच्या वेळी हाच प्रश्न अकरा वेळा उभा राहणार असतो.

पासबुक हातात आल्यावर ते तिथेच उघडून पाहावे. खातेदार म्हणून गटाचे नाव छापलेले आहे का? खात्याचा प्रकार बचत गटाचा नोंदला आहे का? घाईच्या दिवशी कधी कधी दोघींच्या नावे साधे संयुक्त खाते उघडले जाते. व्यवहार त्यातही होतात, म्हणून वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. पण अशा खात्यावर गट म्हणून कर्ज आणि व्याज सवलत मिळण्याची वेळ आली की संगणकात गटच सापडत नाही.

सहा महिने कधीपासून मोजायचे

पहिल्या कर्जासाठी गट किमान सहा महिने प्रत्यक्ष कार्यरत असावा लागतो. हे सहा महिने गटाच्या वह्यांवरून मोजायचे असतात, खाते उघडल्याच्या तारखेवरून नाही. आपल्या गटाची पहिली सभा जानेवारीत झाली आणि तेव्हापासूनचे इतिवृत्त व बचतीची नोंद आहे, त्यामुळे तो जुलैच्या आरंभी पात्र ठरतो. शाखेत मात्र त्यांना ‘खात्याला सहा महिने ऑगस्टच्या अखेरीस होतील, तेव्हा या’ असेही सांगण्यात आले होते. बंद पडलेला गट पुन्हा सुरू केला असेल तर किमान तीन महिने नियमित चालल्यानंतर तोही पात्र होतो, हेही अनेकांना माहीत नसते.

मात्र ही सवलत वह्यांच्या जोरावर मिळते, म्हणून वह्या तेवढ्या भक्कम हव्यात. बँकेचा अधिकारी गटाचे श्रेणीकरण करतो, तेव्हा तो पाच गोष्टी पाहतो, ज्यांना आपण पंचसूत्री म्हणतो: नियमित सभा, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशोब. नाबार्डच्या तपासणी पद्धतीत सभेची हजेरी नव्वद टक्क्यांहून अधिक असेल तर ती उत्तम मानली जाते आणि सत्तरच्या खाली गेली तर असमाधानकारक. अंतर्गत कर्जाच्या वसुलीलाही जवळपास हेच माप लावले जाते. त्याच पद्धतीत गटाने बचतीचा वापर कर्जवाटपासाठी किती केला, याला गुण आहेत. बचत न वाटता बँकेत ठेवणाऱ्या गटाचे गुण इथे कमी होतात. काउंटरवरच्या त्या सल्ल्याप्रमाणे बायकांनी वाटप थांबवले असते, तर त्याच बँकेच्या तपासणीत त्या मागे पडल्या असत्या.

आपल्या गटाच्या २६ आठवड्यांत २६ सभा झाल्या. अकरा जणींच्या हिशोबाने २८६ हजेऱ्या व्हायला हव्या होत्या, त्यांपैकी २६६ भरल्या, म्हणजे ९३ टक्के. जूनच्या शेवटी भाताची लावणी सुरू झाल्यावर हजेरी घसरू लागली, तेव्हा त्यांनी सभेची वेळ दुपारऐवजी रात्री आठची केली आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहिला. असा बदल लिहिलेला असणे महत्त्वाचे आहे, कारण ‘सोमवारी दुपारी सभा’ असे नियमावलीत असताना अधिकारी सोमवारी दुपारी अचानक आला आणि कुलूप दिसले, तर तो सभाच होत नाहीत असे समजतो.

वह्यांबद्दल आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगते. एका रात्रीत बसून लिहिलेली सहा महिन्यांची वही ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. एकच पेन, सरळ रेषेत एकसारख्या सह्या, एकही खाडाखोड नाही, आणि संक्रांतीच्या दिवशीसुद्धा पूर्ण हजेरी. खऱ्या वहीत निरनिराळ्या शाई असतात, चहाचा डाग असतो, एखादीने सहीऐवजी अंगठा दिलेला असतो आणि कोणीतरी पन्नासऐवजी चाळीसच आणले म्हणून समासात दहा रुपये बाकी लिहिलेले असते. अधिकारी वहीवर थांबतही नाही. तो एखाद्या गप्प बसलेल्या सभासदाला विचारतो, ‘‘तुमची बचत किती झाली? व्याज किती लावता? मागचे कर्ज कोणाला दिले?’’ तिघीच उत्तरे देत असतील आणि बाकीच्या त्यांच्या तोंडाकडे पाहत असतील, तर वही कितीही चांगली असली तरी त्याचे मत बनते. म्हणून सभेच्या शेवटी त्या दिवशीची जमा, वाटप आणि शिल्लक मोठ्याने वाचून दाखवण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी.

निधीची मोजणी

आता त्या चौदा हजार सातशेच्या हिशोबाकडे परत येऊ. गटाच्या निधीत, ज्याला बँकेत कॉर्पस म्हणतात, सभासदांची बचत, अंतर्गत कर्जावर मिळालेले व्याज, दंडासारखे इतर उत्पन्न आणि मिळाला असल्यास अभियानाचा फिरता निधी किंवा एखाद्या संस्थेने दिलेली रक्कम हे सर्व येते. या गटाला तोपर्यंत फिरता निधी मिळालेला नव्हता. जून अखेरचा त्यांचा हिशोब असा होता.

बचत अकरा जणींची, दर आठवड्याला ५० प्रमाणे २६ आठवडे, म्हणजे १४,३०० रुपये. अंतर्गत कर्जावर मिळालेले व्याज ८२० आणि दंड ९०. एकूण १५,२१० झाले. त्यातून वह्या, शिक्का आणि फोटो यांवर ६१० खर्च झाले, म्हणजे निव्वळ निधी १४,६०० रुपये. हा पैसा कोठे आहे? ११,९०० सभासदांकडे कर्जाऊ, २,४५० बँकेत आणि २५० पेटीत रोख. तिन्हींची बेरीज पुन्हा १४,६००. या दोन बेरजा जुळणे हीच वहीची परीक्षा आहे. जुळत नसतील तर बँकेत जाण्याआधी फरक शोधावा. बहुतेक वेळा तो व्याज मुद्दलात धरल्यामुळे किंवा पेटीतून केलेला किरकोळ खर्च न लिहिल्यामुळे आलेला असतो.

पहिल्या कर्जाचा नियम असा, की निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख रुपये, यांत जे जास्त असेल ते. १४,६०० च्या सहापट ८७,६०० होतात. ते दीड लाखाहून कमी असल्याने हा गट दीड लाखाला पात्र ठरतो. म्हणजे पासबुकाची शिल्लक सहाने गुणणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हिशोबाच्या दहापटीहून अधिक.

यातून एक गोष्ट निघते, जी गटांना सांगितली की त्या चकित होतात. पहिल्या वेळी बचतीच्या रकमेचा फारसा प्रश्न नसतो, कारण दीड लाखाची किमान मर्यादाच लागू होते. सहापटीने ती ओलांडायला निधी २५,००० च्या पुढे हवा. त्यामुळे केवळ पहिल्या कर्जासाठी गरीब सभासदांना न झेपणारी बचत ठरवू नये. दुसऱ्या टप्प्यात मात्र निधी खरोखर बोलू लागतो, कारण तेव्हा निधीच्या आठपट किंवा किमान तीन लाख, यांत जे जास्त ते धरतात. हाच गट दीड वर्ष नीट चालला तर बचत ४२,९०० होईल आणि अंतर्गत व्याज धरून निधी सुमारे ५०,००० वर जाईल; आठपट म्हणजे चार लाख. तोच पैसा बँकेत नुसता ठेवला असता तर निधी ४३,५०० च्या आसपास राहिला असता आणि मर्यादा साडेतीन लाखांपर्यंतच पोहोचली असती. बचत वाटपात फिरवणे आणि झोपवून ठेवणे यांतला हा फरक आहे. तिसऱ्या टप्प्यात किमान सहा लाख, तेही गटाचा आराखडा आणि आधीची परतफेड पाहून.

नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट आणि बँका जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून बचतीच्या एकपट ते चारपट कर्ज ही पद्धत रुळलेली आहे. अभियानात नसलेल्या गटांना अजूनही बहुधा तेच माप लागते, आणि काही शाखांत जुन्या सवयीने अभियानातील गटांनाही तेच लावले जाते. म्हणून अर्जात गट अभियानात नोंदलेला असल्याचे ठळक लिहावे.

कर्जाचा अर्ज आणि आराखडा

कर्जाच्या कागदांत कर्ज घेण्याचा ठराव, निधीचा वरील हिशोब, श्रेणीकरणाचा तक्ता, सर्व सभासदांची केवायसी, सूक्ष्म पत आराखडा आणि दोन करार येतात. एक करार गट आणि बँक यांच्यातला, तर दुसरा सभासदांचा आपसातला, ज्यात सर्व जणी पदाधिकाऱ्यांना गटाच्या वतीने कर्ज घेण्याचा अधिकार देतात आणि परतफेडीची जबाबदारी सर्वांवर असल्याचे मान्य करतात. या दुसऱ्या कराराचे प्रत्येक वाक्य सभेत वाचावे. ‘मला कर्जच नको होते, मी फक्त सही केली’ असे पुढे म्हणणाऱ्या सभासदाने तो न वाचताच सही केलेली असते.

आराखडा म्हणजे कोणाला, कशासाठी, किती आणि कधी हवे याची यादी. बहुतेक गट येथे सगळ्यांत सोपा मार्ग घेतात आणि रक्कम अकरा जणींत समान वाटतात. दीड लाख भागिले अकरा म्हणजे १३,६३६ रुपये. हा आकडा आराखड्यात दिसला की अधिकाऱ्याला कळते की गरजेचा विचारच झालेला नाही, आणि तसे वाटप झालेले गट हप्त्यातही लवकर अडखळतात, कारण निम्म्या जणींचा पैसा घरखर्चात जातो.

आपल्या गटाने दोन सभा घेऊन असा आराखडा केला. हिंजवडीतील कंपन्यांच्या मुलांना डबे देणाऱ्या दोघींना मोठी भांडी व गॅस शेगडीसाठी प्रत्येकी २५,०००, तिघींना शेळ्यांसाठी प्रत्येकी १५,०००, एकीला शिलाई मशीनसाठी २०,०००, एकीला सावकाराचे देणे फेडायला २०,००० आणि एकीला मुलीच्या प्रवेशासाठी १५,०००. एकूण दीड लाख. उरलेल्या तिघींनी या वेळी काही नको म्हणून सांगितले आणि तसे इतिवृत्तात लिहिले. जुने महाग कर्ज फेडण्यासाठीही हे कर्ज वापरता येते, त्यामुळे सावकाराचे देणे लपवून ‘किराणा दुकान’ लिहिण्याची गरज नसते. कर्ज दोन लाखांच्या वर गेले की मात्र किमान अर्धी रक्कम आणि चार लाखांच्या वर गेले की किमान पाऊण रक्कम उत्पन्नाच्या कामासाठी वापरावी लागते.

शेळ्यांवरून सभेत बराच वाद झाला. मुळशीच्या पावसात जुलैमध्ये बाहेरून आणलेली करडे टिकत नाहीत, ती दसऱ्यानंतर घ्यावीत, असे तिघींपैकी वयाने मोठ्या असलेल्या सभासदाचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. यावरूनच मुदत कर्ज घ्यायचे की कॅश क्रेडिट, हा निर्णय झाला. मुदत कर्जात पूर्ण रक्कम एकदम खात्यात येते, व्याज त्या दिवसापासून सुरू होते आणि ठरलेला हप्ता भरावा लागतो; पहिल्या कर्जाची मुदत साधारण दोन ते तीन वर्षे असते. कॅश क्रेडिटमध्ये तीन वर्षांसाठी किमान सहा लाखांची मर्यादा मंजूर होते, पण पहिल्या वर्षी उचल मर्यादा वर सांगितल्याप्रमाणे दीड लाखांपर्यंतच असते. मंजुरीपत्रावर सहा लाखांचा आकडा पाहून गावात पेढे वाटले जातात आणि मग दीडच लाख मिळाले म्हणून बँकेवर राग निघतो. हे आधीच सभेत समजावून सांगावे.

गटाने कॅश क्रेडिट घेतले. जुलैत १,०५,००० उचलले आणि शेळ्यांचे ४५,००० ऑक्टोबरसाठी राखून ठेवले. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला लागू असलेला सात टक्के दर धरला तर त्या ४५,००० वरचे तीन महिन्यांचे सुमारे ७८७ रुपये व्याज वाचले. हा गट हिशोबाला पक्का होता म्हणून कॅश क्रेडिट योग्य ठरले. ज्या गटात लिहिणारी एकच आहे आणि तीही नवखी, त्याने पहिल्या वेळी मुदत कर्ज घ्यावे असे माझे मत आहे. कॅश क्रेडिटमध्ये ठरावीक हप्ता नसल्यामुळे केवळ व्याज भरत राहण्याची सवय लागते आणि वर्षाच्या शेवटी मुद्दल जसेच्या तसे दिसते.

व्याज सवलतीसाठी वेळेवर परतफेडीचा अर्थ नीट समजून घ्यावा. सात टक्क्यांवर आणखी तीन टक्के सवलत मिळते ती वेळेवर फेडणाऱ्या गटालाच. चालू वर्षाचा आदेश शाखेत विचारून घ्यावा. कॅश क्रेडिट खात्यात उचल मर्यादेपेक्षा जास्त बाकी सलग तीस दिवसांहून अधिक राहू नये, दर महिन्याला गटाकडून किमान एक जमा असावी, आणि ती जमा त्या महिन्यात लागलेले व्याज भागवण्याइतकी तरी असावी. आपल्या गटाचे पहिल्या महिन्याचे व्याज सुमारे ६१२ रुपये होते. गटाने सभासदांची वसुली सोमवारच्या सभेत आणि बँकेतील भरणा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असा क्रम लावला. बँकेत नेलेल्या प्रत्येक पावतीची नोंद त्याच आठवड्याच्या सभेत होते. मुदत कर्ज घेणाऱ्या गटाने हप्त्याची तारीख सभेनंतर तीन-चार दिवसांची मागून घ्यावी. तारीख सभेच्या आदल्या दिवशी पडली तर गट कायम एक आठवडा मागे दिसतो.

जेथे अडवले जाते

दहा लाखांपर्यंतच्या गटकर्जाला बँकेला तारण मागता येत नाही, गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवता येत नाही आणि ‘आधी पंचवीस हजारांची मुदत ठेव करा’ अशी अटही घालता येत नाही. एका शाखेत मला हीच अट सांगण्यात आली होती. मी शांतपणे लेखी द्यायला सांगितले, तेव्हा अट तोंडीच राहिली आणि दोन आठवड्यांनी कर्ज मंजूर झाले. लेखी मागणे हा सर्वांत कमी भांडणाचा मार्ग आहे.

दुसरे कारण सभासदाच्या थकबाकीचे असते. अलीकडे गावोगावी खासगी सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे हप्ते चालू असतात आणि केवायसी तपासताना एखादीची थकबाकी निघते. एक-दोन सभासदांची वैयक्तिक थकबाकी हे पूर्ण गटाचे कर्ज नाकारण्याचे कारण ठरू नये, गट स्वतः थकबाकीदार नसेल तर. मात्र त्याच बँकेची थकबाकीदार असलेल्या सभासदाला गटाने या कर्जातून पैसा देऊ नये. आपल्या गटात अशी एक होती. तिचे नाव कर्ज घेणाऱ्यांत नव्हते आणि ते इतिवृत्तात लिहिलेले होते, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला.

अर्ज देताना पोचपावती घ्यावी, कारण तक्रारीची सुरुवात तिथून होते. शाखेत उत्तर मिळाले नाही तर उमेदच्या तालुका कक्षात सांगावे. मुळशीचा कक्ष पौडला आहे. पुढे जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे जावे. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे, आणि गटांची प्रलंबित प्रकरणे तेथून सर्व बँकांकडे विचारली जातात. लेखी तक्रारीला बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in येथे तक्रार करता येते.

त्या गटाने मात्र एवढे काही केले नाही. निधीचा हिशोब एका पानावर लिहून, दोन्ही बेरजा खाली ठेवून आणि इतिवृत्ताची वही सोबत घेऊन त्या पुन्हा शाखेत गेल्या, आणि या वेळी काउंटरवर न थांबता थेट व्यवस्थापकांसमोर बसल्या. त्यांनी पान वाचले, बेरीज स्वतः करून पाहिली आणि कर्मचाऱ्याला बोलावून एवढेच विचारले, ‘‘हे ११,९०० तू धरले नव्हतेस का?’’ सहा दिवसांनी कर्ज अधिकारी रात्री आठच्या सभेला गावात आले.